मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना

अगं, तुझ्या वर्गात कांजिण्या आल्यात म्हणून काही दिवस दुसरं काम मागणार आहेस ना, मग अर्जात नुसतं "मी गरोदर आहे, भीती वाटते" असं लिहू नकोस. आधी आईला विचार, लहानपणी तुला कांजिण्या येऊन गेल्या होत्या का. नक्की सांगता येत नसेल तर डॉक्टरांकडून व्हॅरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करून घे. प्रतिकारशक्ती निघाली तर काम बदलून घ्यायची गरजच नाही. नसेल तर गरोदरपणात लस देत नाहीत, म्हणून लांब राहणं हाच उपाय.

मग थेट मागणी लिही: "दुसरीच्या वर्गात कांजिण्यांचे रुग्ण आहेत. शेवटच्या रुग्णानंतर २१ दिवसांपर्यंत मला परीक्षा विभागाचे किंवा कार्यालयीन काम द्यावे, ही विनंती." डॉक्टरांची चिठ्ठी जोड आणि पोच घे.

"पुरळ आलेली मुलं घरीच आहेत की," असं सर म्हणतील. पण पुरळ दिसण्याआधी एक-दोन दिवस मूल संसर्ग पसरवतं, हे वाक्य अर्जातच घाल. आणि वर्गात आधीच संपर्क आला असेल तर अर्ज नंतर, डॉक्टरांना आजच फोन कर. संपर्कानंतर देतात ते इंजेक्शन लस नव्हे, तयार प्रतिपिंडांचं असतं; ते दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं.