पत्रातली खाडाखोड

"मॅडम, जर्मनीतल्या होस्ट कुटुंबाचं पत्र आलंय. हातानं लिहून फोटो पाठवलाय. अर्धं अक्षर लागत नाही. उत्तर इंग्रजीत लिहायचंय आणि एकही चूक व्हायलाच नको. चार कागद फाडून झाले."

वर्षभरासाठी परदेशी शिकायला निघालेली मुलं दर उन्हाळ्यात हेच घेऊन येतात. माझा कान मात्र 'व्हायलाच'मधल्या 'च'वर अडतो. व्याकरणाकडे मी नंतर वळते.

ही मुलगी सांगलीची, सोळा वर्षांची. पहिल्या भेटीत लिहिणं बंद, फक्त वाचायचं ठरलं. फोटो मोठा करून ओळ न् ओळ मोठ्यानं. "घरात 77 वर्षांचे कुणीतरी आहेत, फुटबॉल खेळतात," ती म्हणाली आणि स्वतःच थबकली. खाली जेवणाची वेळ होती, त्या 7 च्या पोटात आडवी रेघ. जर्मन माणूस 1 लिहिताना डोक्याला लांब तिरकी रेघ देतो, म्हणून आपल्याला तो 7 वाटतो. त्यांचा खरा 7 बहुधा आडव्या रेघेचा. आजोबांचा अकरा वर्षांचा मुलगा झाला!

दुसऱ्या पानावर ती बराच वेळ थांबली.

"मॅडम, यांनी खोडलंय. दोनदा."

"का खोडलं असेल?"

"स्पेलिंग... त्यांनाही इंग्रजी येत नाही?"

"येतं. तुझ्याइतकंच, शिकून आलेलं."

ती हसली. चुकलं तरी चालतं असं मी महिनाभर सांगत बसले असते, तरी हे झालं नसतं. पुरावा तिचा तिला सापडावा लागतो, आणि तोवर गप्प बसणं मला आता बऱ्यापैकी जमतं.

मग मसुदा. सुरुवातीचं 'रिस्पेक्टेड सर अँड मॅडम' गेलं. त्यांनी सही पहिल्या नावांनी केली होती, म्हणून 'डिअर' आणि तीच नावं. 'मायसेल्फ'ही गेलं. त्यांच्या पत्रातले प्रश्न ओळीनं घेतले, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं. फोटोत कडेला कापलेली एक ओळ होती, ती अंदाजानं भरण्याऐवजी सरळ विचारली.

अडलं ते जेवणावर. तिनं लिहिलं होतं, मी काहीही खाते. खरं तर घरात अंडंसुद्धा येत नाही.

"खरं लिहिलं तर नको म्हणतील."

"आणि पहिल्याच सकाळी उकडलेलं अंडं पुढे आलं तर?"

तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. चघळायच्या जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, तेही सहसा डुकराचं. म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' न लिहिता मांस, मासे, अंडी, जिलेटिन चालत नाही; दूध, चीज चालतं, असं तिनं लिहिलं. पुढे स्वतःहून जोडलं: पोहे मला करता येतात, तुम्हाला खायला घालीन.

पत्र तिनं हातानंच लिहिलं. फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी, चारही कोपरे दिसतील असा काढला. तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडलेला होता.

"परत लिहिणार?" मी विचारलं.

"पाठवलं पण," ती म्हणाली.