ग्रुपमध्ये फिरायला जाताना खर्चाची मर्यादा कशी पाळावी?

प्रश्न: मित्रांबरोबर बाहेर गेलो की बिल समान वाटले जाते आणि माझे बजेट कोलमडते. नाही म्हटले तर ‘चिंगूस’ ठरतो. काय करावे?

उत्तर: केवळ स्वतःची मर्यादा ठरवून हे जमत नाही, हे मी दोनदा खिसा रिकामा करून शिकलो. बिल समान वाटायचे असेल तर तुमचा खर्च तुमच्या ताटावर नव्हे, तर इतरांच्या ऑर्डरवर ठरतो. म्हणून वाटणीचा नियम आधी आणि मर्यादा त्यानंतर.

आम्ही सहा जण कोल्हापुराहून पन्हाळ्याला गेलो होतो. गाडीचे पेट्रोल आणि पार्किंग मिळून ७२० रुपये, म्हणजे प्रत्येकी १२० झाले. जेवणात ३५० रुपयांच्या चार मटण थाळ्या, १८० च्या दोन शाकाहारी थाळ्या आणि चौघांनी मागवलेल्या सुक्क्याच्या दोन जादा प्लेटा, मिळून ६४० रुपयांच्या. ५ टक्के जीएसटीसह बिल २,५२० झाले. समान वाटणीत प्रत्येकी ४२० आले, म्हणजे प्रवास धरून ५४०. माझी मर्यादा मात्र ५०० होती. मी शाकाहारी थाळी खाल्ली होती आणि तिची किंमत करासह १८९ रुपयेच होती. ज्यांनी मटण खाल्ले त्यांचा खरा वाटा ५३५ रुपये ५० पैसे होता, म्हणजे प्रत्येकाचे साधारण ११५ रुपये आम्ही दोघे शाकाहारी भरत होतो. मुद्दाम कोणी केले नव्हते. हिशेबच कोणी मांडला नव्हता.

पुढच्या वेळी मी निघण्याच्या दोन दिवस आधी, हॉटेल ठरण्यापूर्वीच, ग्रुपवर लिहिले: “रविवारी मी येतोय, माझं बजेट पाचशे. प्रवासाची कॉन्ट्री समान, जेवण ज्याचं त्याचं, जादा प्लेट मागवणाऱ्यांत वाटायची. चालतंय न्हवं?” कारण सांगितले नाही, कारण कारण दिले की त्यावर वाद घालता येतो, आकड्यावर घालता येत नाही. त्यावर दोघांनी लगेच होकार दिला; त्यांनाही हेच हवे असावे.

टेबलावर बसल्यावर नियम काढणे मात्र चुकीचे, कारण तोवर ऑर्डर गेलेली असते आणि तुम्ही खरेच चिंगूस दिसता. दारू असेल तर तिचा हिशेब पिणाऱ्यांनी वेगळा ठेवावा, आणि कोणाचा वाढदिवस असेल तर त्याचा वाटा कोण उचलणार हे आधीच विचारावे. एकाने बिल भरले असेल तर हॉटेलमधून उठण्यापूर्वीच त्याला यूपीआयने पैसे पाठवावेत, नाहीतर तोच अडकतो आणि पुढच्या वेळी ‘सरळ समान वाटा’ असे म्हणतो.

परतताना रंकाळ्यावर कोणीतरी भेळेचा आग्रह धरतोच, त्यासाठी मर्यादेतले शंभर रुपये मी आधीच बाजूला काढतो. ते संपले, की मी सोबत बसतो, मागवत नाही.