घरी पोपट, शाळेत मूग गिळून

‘माझी मुलगी सीनियर केजीत आहे. घरी अखंड बडबड चालू असते. शाळेत दर शुक्रवारी शो अँड टेल असतं, म्हणजे घरून एखादी वस्तू नेऊन तिच्याबद्दल वर्गात सांगायचं. आदल्या रात्री मी तिच्याकडून पाच ओळी पाठ करून घेते, त्या ती घडाघडा म्हणते. वर्गात मात्र टेडी हातात धरून नुसती उभी राहते. तीनदा असं झालं. टीचरनी कार्डावर “आत्मविश्वास कमी” असा शेरा दिलाय. तिच्यात काही दोष आहे का? आणखी सराव घ्यायला हवा का?’

आधी तो सराव थांबवा. का, ते सांगण्यासाठी मला एका मुलाबद्दल सांगावं लागेल. मी दोन वर्षं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस समुपदेशनासाठी जात होते, तेव्हाचा हा मुलगा. साडेपाच वर्षांचा, घरात मराठी, आजी-आजोबांसकट सहा माणसं. त्याच्या आईचा प्रश्न जवळपास तुमच्यासारखाच होता.

एका शुक्रवारी मी वर्गाच्या मागच्या बाजूला बसून राहिले. अठ्ठावीस मुलं, हजेरीच्या क्रमाने एकेक जण फळ्यासमोर येत होतं. याचा नंबर तेविसावा. म्हणजे पाऊण तास तो आपली वेळ येण्याची वाट बघत, ओठांतल्या ओठांत ओळी घोळवत बसला होता. हातात नवी कोरी रिमोटची गाडी. उभा राहिला, ‘धिस इज माय’ म्हणाला आणि अडला. टीचरनी ‘कार, बेटा, कार’ म्हणून आठवण करून दिली, चार-पाच मुलं ‘कार! कार!’ ओरडली. त्याने गाडी जमिनीवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसला.

मधल्या सुट्टीत वाळूच्या खड्ड्याशी मी त्याच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही, नुसती गाडी हातात घेऊन फिरवली. तो म्हणाला, ‘ती चालत नाही. चार्जर हरवला. बाबा म्हणाले, रविवारी आणू, पण रविवारी आम्ही मावशीकडे गेलो.’ चार वाक्यं, तीही कारणासकट! नंतर त्याच्या वहीत पाठ करायला दिलेल्या ओळी बघितल्या, तर चौथी ओळ होती, ‘इट रन्स व्हेरी फास्ट’.

पाठ केलेल्या ओळी माळेसारख्या असतात. पहिला मणी निसटला की बाकीचे हाती लागत नाहीत. श्लोक मधूनच सुरू करायला सांगितला तर आपणही अडखळतो, तसंच. शिवाय त्या ओळी मुलाच्या नसतातच. ज्या गाडीबद्दल त्याला सांगायचं होतं ती बंद पडलेली गाडी, आणि पाठ केलेली गाडी धावणारी. त्यामुळे तुमची मुलगी घरी घडाघडा म्हणते याचा अर्थ तिला पाठांतर येतं, एवढाच. टेडीबद्दल सांगता येतं की नाही, ते अजून कुणी पाहिलेलंच नाही.

त्या वर्गाच्या टीचर समंजस होत्या. वैतागलेल्या होत्या, पण समंजस. आम्ही दोघींनी मिळून आधी वेळापत्रक मोडलं. शुक्रवारी अठ्ठावीस मुलांऐवजी रोज पाच-सहा मुलं, डबा खाऊन झाल्यावर, फार तर पंधरा मिनिटं. फळ्यासमोर उभं राहणं बंद, सगळी सतरंजीवर गोल करून बसतील आणि सांगणारा बसूनच सांगेल. हजेरीचा क्रम सोडला. बुजऱ्या मुलाला दुसरा किंवा तिसरा नंबर द्यायचा, म्हणजे एक-दोघांचं बघून होतं आणि वाट बघून पोटात गोळाही येत नाही. वस्तू घरातलीच हवी आणि डब्याच्या पिशवीत मावणारी. विकत आणलेली चालणार नाही, असं पालकांना चक्क लिहून कळवलं. (दोन आयांनी तरीही नवं खेळणं पाठवलं. किंमतीचं लेबल तसंच होतं.)

मग वाक्यांची सुरुवात. पहिल्या आठवड्यात आमची फजिती झाली, ती सांगण्यासारखी आहे. आम्ही भिंतीवर ‘हा माझा…’ असं सुरू होणारं वाक्य लावलं होतं. एका मुलीने शिंपला आणला, तिचं झकास झालं. पुढचा मुलगा म्हणाला, ‘हा माझा बाटली’, की लगेच टीचर, ‘हा नाही, ही माझी.’ तो गप्प. मराठीत वस्तूच्या आधीच तिचं लिंग ठरवावं लागतं, आणि ते चुकलं की मोठी माणसं हमखास मधे बोलतात. म्हणून आम्ही अशा सुरुवाती शोधल्या जिथे ही अडचण येतच नाही. शेवटी तीनच उरल्या. ‘माझ्याकडे … आहे.’ ‘घरी …’ आणि ‘एकदा …’

मुलांना वाचता येत नाही, म्हणून तीन चित्रांची कार्डं केली. पहिल्यावर उघडा तळहात, दुसऱ्यावर कौलारू घर, तिसऱ्यावर काऊ आणि चिऊ, कारण गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. टीचरनी कार्डावर बोट ठेवून फक्त सुरुवात म्हणायची, ‘घरी…’, आणि थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. हे थांबणंच सगळ्यांत अवघड गेलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेप करून ऐकलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि जी बोलत नाहीत तीही बोलू लागतात. आमच्या टीचरनी तर पाच मोजताना स्वतःचे ओठ दाबून धरले होते, मी पाहिलंय.

पाच मोजूनही मूल गप्प राहिलं तर दोन पर्याय द्यायचे, ‘घरी ही वस्तू स्वयंपाकघरात असते की बाहेर?’ उत्तर एका शब्दाचं आलं तरी ते स्वीकारून पुढे जायचं. ‘बोल ना, लाजतोस काय’ हे वाक्य आम्ही वर्गातून हद्दपार केलं.

आमचा गाडीवाला पहिल्या वेळी मूठ आवळून बसला. मुठीत काय होतं ते दाखवलंच नाही. दुसऱ्या वेळी मूठ उघडली, आत कुकरची शिट्टी. ‘माझ्याकडे…’ असं टीचरनी म्हटल्यावर तो पुटपुटला, ‘शिट्टी’. बास, तेवढंच. तिसऱ्या वेळी पुन्हा तीच शिट्टी आणली. वस्तू तीच आणली तर चालू द्या, ओळखीची वस्तू बोलायला सोपी जाते. त्या दिवशी घराच्या कार्डावर तो म्हणाला, ‘घरी तीन झाल्या की आजी गॅस बंद करते.’ आणि काऊ-चिऊच्या कार्डाला टीचरनी हात लावायच्या आधीच, ‘एकदा ही उडाली आणि वरण वर छताला! आजी म्हणाली, आता वर बघून जेवा.’ शेजारची मुलं खिदळली. ‘एकदा’ या एका शब्दात काय आहे कोण जाणे, पण तीन कार्डांत सर्वांत जास्त बोलणं त्याच्यामागून येतं.

ऐकणाऱ्यांनाही काम दिलं होतं. प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न, आणि सुरुवात ‘मला विचारायचंय…’ अशी. या वयात प्रश्न म्हणून हमखास ‘माझ्याकडे पण आहे’ येतं. त्यासाठी बोलायचं नाही, नुसता अंगठा वर करायचा असं ठरवलं.

आता तुमच्या कार्डावरचा शेरा. ‘आत्मविश्वास कमी’ हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर काय करायचं तेही कळत नाही. आम्ही शेऱ्याऐवजी प्रत्येक मुलाचा एक तक्ता ठेवला, त्यात पाचच गोष्टी होत्या. वस्तू सगळ्यांना दिसेल अशी धरली का. तिचं नाव सांगितलं का. तिच्याबद्दल निदान एक गोष्ट सांगितली का. गोलाच्या पलीकडच्या टोकाच्या मुलाला ऐकू आलं का. एका प्रश्नाचं उत्तर दिलं का, मान हलवूनही चालेल. प्रत्येकापुढे ‘स्वतःहून’, ‘मदतीने’ किंवा ‘अजून नाही’, आणि वर तारीख. नजर मिळवणं आणि शुद्ध उच्चार त्यात मुद्दाम ठेवले नाहीत. पाच वर्षांच्या मुलाचा ‘र’ कच्चा असू शकतो, आणि वस्तूकडे बघत बोलण्यात गैर काही नाही. गुण द्यायचे नाहीत, बेरीज करायची नाही, मुलांसमोर भरायचं नाही. शिट्टीवाल्याच्या पहिल्या तारखेला पाचही ‘अजून नाही’ होते. तिसऱ्या तारखेला नाव आणि ‘एक गोष्ट’ स्वतःहून, दाखवणं आणि उत्तर देणं मदतीने, आवाज अजून नाही. एवढ्यावरून पुढच्या वेळी काय करायचं ते उघड होतं. टीचर त्याच्या समोरच्या टोकाला जाऊन बसल्या.

इंग्रजीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं. सांगायचं आहे ते आधी मराठीत सांगून होऊ द्यायचं, मग त्यातला एखादा शब्द इंग्रजीत द्यायचा. शिट्टीला ‘व्हिसल’ हा शब्द त्या दिवशी अठ्ठावीस मुलांना आला.

तुम्ही घरी इतकंच करा. आदल्या संध्याकाळी वस्तू तिलाच निवडू द्या, आणि भाजी निवडताना सहज विचारा, ‘ही आपल्याकडे आली कुठून? हिचं एकदा काय झालं होतं?’ ती सांगेल ते ऐका, सुधारू नका. मग एकदाच आजोबांना किंवा फोनवर मामाला सांगू दे. दुसऱ्यांदा म्हणवून घेतलंत की ते पुन्हा पाठांतर झालं.

दोष आहे का, याचं उत्तर शुक्रवारच्या दहा मिनिटांत मिळणार नाही. टीचरना विचारा, ती शाळेत इतर वेळी बोलते का? डब्याच्या वेळी मैत्रिणीशी, मैदानावर, शू लागली तर मावशींना? बोलत असेल तर अडचण त्या उभं राहण्याची आहे, आणि वरचे बदल पुरतात. पण घरी बडबड आणि शाळेत कुणाशीच, खेळतानाही, एक अक्षर नाही, आणि शाळेचा पहिला महिना सोडून महिन्याभराहून जास्त असंच चाललं असेल, तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नसतो, भीती असते, आणि अशा मुलाला सगळ्यांसमोर बोलायला लावलं तर ती वाढते. तिथे कार्डं पुरत नाहीत, बालमानसतज्ज्ञांना दाखवायला हवं. पहिल्या अक्षरावरच ती चेहरा ताणून अडकत असेल, किंवा बाहेरच्यांना तिचं बोलणं बरंचसं कळत नसेल, तर स्पीच थेरपिस्ट, आणि त्याआधी कानांची तपासणी.

टीचरचं उत्तर काय आलं ते कळवा. आणि या शुक्रवारी टेडी घरीच ठेवा. तीनदा त्याच्यासोबत उभी राहिली आहे ती.