मामा लेट झाले

प्रश्न: दुकानावरच्या इंग्रजी शब्दामुळे उडालेला एखादा गमतीदार गोंधळ सांगाल का? आणि गावातल्या दुकानदाराने सूचना इंग्रजीत लावावी की मराठीत?

मराठीत लावावी. कोकणीत लावली तरी चालेल, देवनागरीत असली म्हणजे झालं. आमच्या घरात या विषयावर अजून वाद आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गोव्यात पेडण्याकडे माझ्या मामांचं भुसारी दुकान आहे. मे महिना म्हणजे पुरुमेंताचा. पावसाआधी सुक्या मिरच्या, सोलं, सुकी मासळी घरात भरायची, त्यामुळे दुकानाला श्वास घ्यायला सवड नसते. त्या शुक्रवारी मामा पहाटेच म्हापशाच्या बाजारात माल आणायला गेले. मोबाइल घरी, चार्जिंगला. दुकान अकराला उघडायचं होतं, म्हणून मामेभावाने शटरवर कागद चिकटवला. तो तेव्हा नुकताच कॉलेजात जायला लागला होता, त्यामुळे कागद इंग्रजीत. ‘लेट’ हा शब्द स्केचपेनने वीतभर उंच. मग जागा संपली, म्हणून ‘टुडे, ओपन ॲट ११’ खाली मुंगीच्या अक्षरांत. आणि कागद चिकटवला कुठे, तर शटरवर रंगवलेल्या मामांच्या नावाच्या बरोब्बर अलीकडे.

बस लेट येते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण लिहिलेला ‘लेट’ लोकांनी पाहिलाय तो देवळातल्या पंख्यांवर आणि बसथांब्याच्या बाकांवर, कुणाच्या तरी स्मरणार्थ, नावाच्या आधी. पोदेराने सायकलवरून तो वाचला आणि पावाबरोबर बातमीही घरोघर पोचवली. समोरच्या चहावाल्याने मान म्हणून दुकान बंद केलं. एका उत्साही शेजाऱ्याने तर कुणाला न विचारता लाकडासाठी आंबा तोडायला माणूस लावला.

मामीला यातलं काहीच ठाऊक नाही. आठच्या सुमारास बायका येऊन सोप्यावर गप्प बसायला लागल्या. मामीला वाटलं, मिरच्यांसाठी आल्यात. पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. कोकणीतलं होतं, इथे मराठीत लिहितो.

“कधी गेले गो?”

“पहाटे पाचाला.”

“त्रास झाला?”

“कसला त्रास? दरवर्षी जातात.”

बाई जरा दचकली. पण दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून तिने मामीच्या पाठीवर हात ठेवला. “आता कुठे आहेत?”

“म्हापशाला.”

म्हापशाला मोठं सरकारी इस्पितळ आहे, त्यामुळे सगळ्यांच्या माना हलल्या. “आणणार कधी?”

“अकरापर्यंत येतील. टेंपोत घालूनच आणावं लागतं, हातातून थोडंच जमणार?”

इथे एकीने हुंदका दिला. मामी उठली आणि सगळ्यांना चहा टाकला. मयताच्या घरी चूल पेटलेली पाहून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी आई तोवर रडत रडत पोचलीच होती. तिने भावजयीच्या हातात गाळणं पाहिलं आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. दोघी त्यानंतर गणेश चतुर्थीपर्यंत बोलल्या नाहीत.

साडेअकराला टेंपो आला. मागे मिरच्यांची पोती, पुढे ड्रायव्हरशेजारी मामा, काजूच्या बिया चघळत. एवढा जमाव पाहून त्यांचाच चेहरा उतरला आणि उतरताच त्यांनी विचारलं, “कोण गेलं?” कुणाला उत्तर सुचेना. शेवटी चहावाला म्हणाला, “तुम्हीच.”

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. पण बांद्याहून निघालेले पाहुणे वाटेत होते, ते दुपारी हार घेऊन आले. संध्याकाळपर्यंत फोन सुरू, आणि प्रत्येक फोन मामाच उचलत होते. पलीकडून ‘हॅलो’नंतर शांतता. मिरच्या मात्र त्या दिवशीच संपल्या, आलेला माणूस रिकाम्या हाताने परत कसा जाणार?

मामेभाऊ आजही म्हणतो, इंग्रजी बरोबर होतं, लोक अडाणी. साफ चूक. पाटी ज्याने वाचायची त्याच्यासाठी असते. ‘अकरा वाजता उघडेल’ या तीन शब्दांत काम होत होतं, वेळ मोठ्या आकड्यात लिहायची आणि कागद मालकाच्या नावापासून लांब लावायचा. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात जागा दिली. सरकारला चालतं ते आमच्या शटरला का चालू नये?

तुमचं दुकान कळंगुट-बागाकडे असेल तर मात्र खुशाल इंग्रजी लावा, तिथलं गिऱ्हाईकच वेगळं. आणि त्या तोडलेल्या आंब्याची मजुरी मामेभावाने द्यायला हवी होती. दिली मामांनी.