नागपूरच्या खेळाडूंसाठी सीडीएन की अ‍ॅक्सिलरेटर?

प्रश्न: गेम सर्व्हर सिंगापूरला, ट्रॅफिक यूडीपी. नागपूरहून लॅग येतो. सीडीएन लावू की ग्लोबल अ‍ॅक्सिलरेटर?

अ‍ॅक्सिलरेटर लावा, नेहमीचा सीडीएन एचटीटीपीसाठी असतो, तुमची यूडीपी पॅकेट तो पुढे नेणारच नाही. एडब्ल्यूएसच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये एनीकास्ट आयपीमुळे खेळाडू नेटवर्कच्या दृष्टीने जवळच्या एजवर पोचतो आणि पुढचा प्रवास त्यांच्या खासगी नेटवर्कवरून होतो. त्यामुळे मुख्यतः जिटर आणि पॅकेट लॉस घटतात. अंतर मात्र घटत नाही: सरळ रेषेतले सुमारे ३,५०० किमी म्हणजे फायबरमधून जाऊन-येऊन किमान ३५ मिलिसेकंद. मोजताना `ping` वर विसंबू नका, त्याला एजच उत्तर देतो आणि आकडा फसवा छान दिसतो. गेममधलाच आरटीटी नोंदवा. तोही फार राहिला, तर सर्व्हर मुंबईत आणा. एपीआय एचटीटीपीएसवर असेल, तर कॅशिंग बंद ठेवूनही सीडीएन चालेल, कारण टीएलएस हँडशेक जवळच उरकतो.