५० टनी क्रेन १८ मीटरवर ४ टन का उचलत नाही?

प्रश्न: ऑफिसच्या गच्चीवर ४ टनांचं चिलर चढवायचंय. ५० टनी क्रेन आली, तर ऑपरेटर म्हणतो बूम एवढा बाहेर काढला की १८ मीटरवर होणार नाही, वर गल्लीत आउटरिगरही पूर्ण उघडत नाहीत. भाडं ५० टनांचं आणि ४ टन उचलवत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर:

ऑपरेटर बरोबर सांगतोय, त्याच्याशी वाद घालू नका. क्रेनवर रंगवलेला ५० हा आकडा साधारण ३ मीटर रेडियसचा असतो. बूम पूर्ण आत, आउटरिगर पूर्ण बाहेर, काउंटरवेट पूर्ण लावलेलं, आणि माल जवळजवळ क्रेनला चिकटून. असं काम सहसा कोणाकडे नसतं. तो आकडा फक्त क्रेनचा वर्ग सांगतो. रेडियस म्हणजे टर्नटेबलच्या मध्यापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर. पुष्कळजण तो इमारतीच्या भिंतीपर्यंत मोजतात आणि तिथेच फसतात.

आता हिशेब बघू. आकडे समजण्यासाठी गोल धरलेत, तुमच्या क्रेनचे वेगळे असतील. समजा, गाडीचं वजन २८ टन, मागे ६ टन काउंटरवेट आणि बूम ७ टनांचा. आउटरिगर पूर्ण उघडल्यावर मालाच्या बाजूचे दोन पाय मध्यापासून ३ मीटरवर टेकतात. त्या दोन पायांना जोडणारी रेषा ही पलटण्याची कड. क्रेन उलटली तर या कडेवरून उलटते, म्हणून सगळी अंतरं तिथूनच मोजायची.

कडेच्या आत गाडीचे २८ टन ३ मीटरवर, म्हणजे ८४ टन-मीटर. काउंटरवेट मध्याच्याही मागे ३ मीटर, म्हणजे कडेपासून ६ मीटर, त्याचे ३६. एकूण १२० टन-मीटर आपल्या बाजूने. हुक १८ मीटरवर नेला की बूमच्या स्वतःच्या वजनाचा मध्य साधारण ८ मीटरवर जातो, कडेच्या बाहेर ५ मीटर. म्हणजे रिकाम्या हुकालाच ३५ टन-मीटर संपले. उरले ८५. माल कडेपासून १५ मीटर बाहेर आहे, म्हणून साधारण ५.७ टनांवर क्रेन पलटेल. कोणत्या रेडियसला किती उचलायचं हे सांगणाऱ्या क्रेनच्या चार्टमध्ये पलटण्याचा आकडा छापत नाहीत, त्याच्या काही टक्केच देतात. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेनच्या चार्टवर ७५ टक्के असं लिहिलेलं दिसतं, अमेरिकी चार्टवर आउटरिगरसाठी ८५ टक्के. ७५ धरले तर सव्वाचार टन.

सव्वाचार म्हणजे तुमचे ४ टन बसले, असं वाटेल. पण चार्टमधल्या आकड्यात हुकाखालचंच नाही तर हुक ब्लॉकचंही वजन मोजायचं असतं. ब्लॉक ४०० किलो, स्लिंग, शॅकल आणि स्प्रेडर मिळून १५०. एकूण ४.५५ टन. नाही बसत. जिब म्हणजे बूमच्या टोकाला जोडायचा जादा हात, तो बूमच्या अंगाला दुमडून लावलेला असेल तर चार्टखालच्या टिपांप्रमाणे त्याचीही वजावट असते.

हाच बूम, हीच लांबी, पण रेडियस १० मीटर केला तर बूम उभा होतो, त्याच्या वजनाचा मध्य ४ मीटरवर येतो आणि तो फक्त ७ टन-मीटर खातो. माल कडेपासून ७ मीटरवर. त्याच हिशेबाने १२ टन मिळतात. रेडियस दुप्पटही झाला नाही आणि क्षमता १२ वरून सव्वाचारवर आली. कारण दोन गोष्टी एकदम बिघडतात: मालाचं कडेपासूनचं अंतर ७ वरून १५ होतं आणि बूमही स्वतःच्या वजनाने ओढायला लागतो.

आता तुमच्या गल्लीचा प्रश्न. आउटरिगर अर्धे उघडून कड २ मीटरवर आली समजा. गाडीचे ५६, काउंटरवेटचे ३०, मिळून ८६. बूम आता कडेबाहेर ६ मीटर, त्याचे ४२ वजा. उरतात ४४, भागिले १६, म्हणजे पावणेतीन टनांवर पलटणार आणि चार्टचा आकडा जेमतेम २ टन. एका मीटरने निम्मी क्षमता गेली. म्हणून अर्ध्या आउटरिगरचा चार्ट वेगळा असतो, आणि जो चार्ट नाही ती मांडणी करायचीच नाही. मालाच्या बाजूचे पूर्ण आणि मागचे अर्धे, ही हुशारीही नवीन मशीनमध्ये कंपनीने तशी सोय आणि चार्ट दिला असेल तरच.

मग काउंटरवेट वाढवावं का? ठेकेदार हमखास सुचवतात, दोन टनांचा काँक्रीटचा ठोकळा बांधू म्हणतात. साफ नाही म्हणा. माल नसताना, बूम आखूड आणि उभा असताना, तेच वजन क्रेनला मागे पाडू शकतं. शिवाय टर्नटेबलचं बेअरिंग आणि त्याचे बोल्ट ठरावीक भारासाठीच असतात.

चार्ट बघताना एक गोष्ट नीट शोधा. बऱ्याच चार्टमध्ये ठळक रेघ, छटा किंवा चांदणी असते. त्याच्या एका बाजूचे आकडे पलटण्यावरून ठरलेले, दुसऱ्या बाजूचे बूम, सिलिंडर, दोर यांच्या ताकदीवरून. सहसा लहान रेडियसला ताकदीची मर्यादा आधी येते. आमच्याकडे काही जुने ऑपरेटर ‘मागचा जॅक हलका झाला की थांबू’ म्हणतात. पलटण्याच्या भागातही हे घातक आहे, पण ताकदीच्या भागात तर जॅक हलका होतच नाही. क्रेन घट्ट बसलेली असते आणि बूमच दुमडतो.

जमीनही बघून घ्या. बूम एका कोपऱ्यावर आला की एकूण वजनाचा तीन चतुर्थांश भाग एकाच पायावर येऊ शकतो. आपल्या हिशेबात एकूण ४५ टन, म्हणजे त्या पायाखाली ३४. पायाची थाळी ४० सेंटीमीटर व्यासाची असेल तर चौरस मीटरला २७० टन पडतात. खाली सव्वा मीटर चौरस जाड मॅट टाकली तर २२ च्या आसपास. ऑफिसच्या आवारातले पेव्हर ब्लॉक बघून फसू नका. खालून ड्रेनेजची लाईन किंवा चेंबर गेलाय का ते सोसायटीच्या प्लंबरला विचारा. क्रेनचा लेव्हलही बहुतेक चार्टना १ टक्क्याच्या आत लागतो. तेवढा कल असला तरी ३० मीटर उंचीवर हुक ३० सेंटीमीटर बाजूला जातो.

तुमच्यासाठी उपाय म्हणजे क्रेन जवळ आणणं. वरच्याच हिशेबात आउटरिगर पूर्ण उघडून रेडियस १५ केला तर जवळपास ६ टन मिळतात आणि तुमचे ४.५५ त्यात ७६ टक्क्यांना बसतात. इमारतीच्या दुसऱ्या बाजूला पार्किंग असेल तर तिथून मोजून बघा. नसेल तर मोठी क्रेन, किंवा चिलरचे कॉम्प्रेसर काढून दोन फेऱ्या. माल उचलल्यावर बूम वाकतो आणि रेडियस थोडा वाढतो, तेव्हा मोजलेल्या अंतरात तेवढी सूट ठेवा. पुरवठादाराकडून त्याच मशीनच्या, लावलेल्या काउंटरवेटच्या चार्टचं पान आधी मागवा. मॉडेल तेच असलं तरी काउंटरवेट वेगळं असेल तर ते पान तुमच्या कामाचं नाही.