फेस्टचं बजेट करताना राखीव रक्कम आधी बाजूला काढ

कॉलेजच्या फेस्टचा समितीप्रमुख झालास, अभिनंदन. पहिल्या वर्षी एवढंच सांभाळ: हातात आलेले पैसे आणि कबूल झालेले पैसे तक्त्यात वेगळ्या रकान्यांत लिही, आणि अचानक येणाऱ्या खर्चासाठी राखीव रक्कम आधीच बाजूला काढ.

पुण्यातल्याच एका प्रमुखाचा हिशोब बघ. बजेट 4 लाखांचं, त्यातले दीड लाख प्रायोजकांनी फक्त तोंडी कबूल केलेले. त्याने पूर्ण 4 लाख वाटून टाकले. साउंड-लाइटचं कोटेशन 80,000 चं होतं, पण खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' लिहिलेलं. 18 टक्क्यांनी 14,400 वाढले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला, मंडपावर ताडपत्री आणि स्टेजखाली फळ्या टाकायला 12,000 गेले. जनरेटर जास्त वेळ चालला, त्याचे 6,000. म्हणजे 32,400 जादा. शिवाय प्रायोजकांचे 50,000 कार्यक्रमानंतर दीड महिन्याने आले, तोवर मंडपवाला रोज फोन करत होता.

दहा टक्के, म्हणजे 40,000 आधीच बाजूला असते तर जादा खर्च त्यात बसला असता. प्रायोजकांच्या उशिराला मात्र राखीव रक्कम पुरत नाही. त्यासाठी लेखी पत्र आणि निम्मी रक्कम आगाऊ घे.

सुरुवातीला मुलं इथे चुकतात:

- राखीव पैसे सजावटीला किंवा टी-शर्टला वापरतात. ते फक्त टाळता न येणाऱ्या खर्चासाठी, आणि खजिनदार व प्राध्यापक दोघांच्या सहीनेच काढायचे.
- कोटेशनमध्ये कर, वाहतूक, हमाली आणि जादा तासांचा दर विचारत नाहीत.

प्रायोजकांच्या करारांचे बारकावे वगैरे पुढे बघू. आधी खजिनदाराबरोबर बसून तो तक्ता कर.